गरम सुई नको, अन् जुना झगा फेकू नका

मागं मी लिहिलं होतं की जुनी बाहुली कशाची आहे हे ओळखायला तिला गरम सुई टोचू नका, आणि मळका असला तरी मूळ झगा ठेवा, त्यानं भाव वाढतो. त्यावर एका भावाचं पत्र आलं:

«ताई, गरम सुई लावू नका म्हणता, मंग ओळखाव कसं? अन् मयक्या झग्यानं भाव वाढते हे काही पटत नाही. आमच्या वाड्यातल्या माळ्यावर बाहुली सापडली, मानेमागं जर्मनी अन् ३९० कोरलं हाय. तिले नवा सॅटिनचा झगा शिवला, किती झकास दिसते! उगाच लोकाईले भेववता.»

भाऊ, सुई नको म्हणते त्याचं कारण सेल्युलॉइड, जुन्या बाहुल्यांचं एक प्लास्टिक. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापरापासून बनतं आणि भडकन पेटतं. बिस्क आणि कंपोझिशन ही बाहुल्यांची दुसरी दोन द्रव्यं. बिस्कवर सुई काहीच करत नाही, कंपोझिशनवर मात्र रंग जळून कायमचा डाग राहतो. त्यापेक्षा गालावर अंगठा अर्धा मिनिट जोरात घासून वास घ्या. कापराचा आला तर सेल्युलॉइड.

बिस्क म्हणजे बिनचकाकीचं पोर्सिलेन. गालाला लावलं की थंडगार लागतं, आणि भुवयांचे बारीक फटकारे भट्टीत पक्के झालेले असल्यानं बोटाला येत नाहीत. कंपोझिशन हा लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा. तो कोमट लागतो. आपल्या मे महिन्याच्या उन्हात तो आकसतो, पावसाळ्यात फुगतो, वरचा रंग तेवढा ताणत नाही, म्हणून डोळ्यांभोवती जाळीसारख्या भेगा पडतात. कूलरसमोर ठेवलेल्या बाहुलीचंही हेच होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कडक प्लास्टिकच्या डोक्यावर बहुतेकदा कानामागून जोडाची रेघ जाते.

तुमच्या ३९० आकड्याजवळ ए आणि एम ही अक्षरं असतील, तर ते आर्मांड मार्सेय या जर्मन कारखान्याचं बिस्कचं डोकं. केसांचा टोप सैल असेल तरच तो काढा, चिकटवलेला असेल तर ओढू नका. अंधाऱ्या खोलीत डोक्याच्या आत मोबाईलचा टॉर्च लावा. बिस्कमधून उजेड झिरपतो, आणि केसाएवढी चीर असेल तर ती काळी रेघ होऊन दिसते. अशी चीर भाव पाडते. धड मात्र बहुतेकदा कंपोझिशनचं असतं, म्हणून ओल्या फडक्यानं पुसू नका. पाण्यानं रंग सुटून येतो.

आता झग्याचं. ३९० हा साचा प्रचंड संख्येनं निघाला, त्यामुळे नुसतं डोकं दुर्मिळ नाही. घेणारा दोन सारख्या डोक्यांमध्ये निवड करतो ती मूळ कपडे, टोप आणि बुटांवरून. डोकंच दुर्मिळ असेल तर कपड्यांचा वाटा कमी पडतो. तुमचा जुना झगा उलटा करून बघा. चुण्यांच्या आत रंग गडद आणि बाहेर फिका, बंदाला धातूचे हूक किंवा बटणं, बाहुलीच्या खांद्यावर अंगच्या मापाची ठेवण, आत त्याच कापडाच्या वयाचा परकर, हे सगळं जुळलं तर तो बहुधा मूळचा. नायलॉनची चेन किंवा वेल्क्रो दिसला तर नंतरचा.

मळ असला तरी धुऊ नका. जुन्या रेशमात वजनासाठी धातूचे क्षार मुरवत, ते कापड घडीवर आपोआप चिरतं आणि पाण्यात विरतं. सॅटिनचा झगा घालायचा तर घाला, पण जुना झगा सुती मऊ फडक्यात, घडी न घालता, कापसाचा बोळा आत भरून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. आणि विकताना दोन्ही झगे दाखवा.