भाडं की हप्ता: पाच वर्षांचा हिशोब

“भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात. घर घेतलं की पाच वर्षांत फायद्यात!”

सरसकट असं नसतं. समजा, पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट आहे आणि तसाच भाड्याने २० हजारांत मिळतो. ६४ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार. पहिल्या वर्षी त्यातले जवळपास ५.४ लाख नुसत्या व्याजात जातात. तेही पाण्यातच की! भाडं वर्षाला २.४ लाख. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ५.९ लाख पहिल्याच दिवशी गेले, मेंटेनन्स आणि घरपट्टी वर्षाला सुमारे ६० हजार.

आता भाडं आणि मेंटेनन्स वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतात आणि भाडेकरू वाचलेली रक्कम, म्हणजे घरासाठी खिशातून गेले असते ते १६ लाख, मुद्रांक शुल्क-नोंदणीचे पैसे आणि दरमहाचा फरक, ७ टक्क्यांनी गुंतवतो, असं धरू. घराची किंमत ७ टक्क्यांनी वाढली तर मालक सातव्या वर्षाच्या आसपास पुढे जातो. ६ टक्क्यांनी वाढली तर थेट विसाव्या वर्षाच्या आसपास बरोबरी. ५ टक्क्यांनी वाढली तर कर्ज फिटेपर्यंतही नाही. मात्र भाडेकरूने वाचलेले पैसे खर्चून टाकले, तर हा हिशोब लागू नाही, आणि अनेकांचं तिथेच बिनसतं.