पाटी लावली म्हणून आवाज आपला होत नाही

"व्हिडिओखाली 'आवाज एआयने बनवला आहे' एवढं लिहा, मग कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा वापरा. पैसे कमावत नसाल तर परवानगीचा प्रश्नच नाही. आणि माणूस हयात नसेल तर विचारणार तरी कुणाला?" असं व्हिडिओ बनवणारे हमखास सांगतात.

लेबल असतं ते प्रेक्षकासाठी. ज्याचा आवाज उचलला, त्याचा त्या लेबलाशी काही संबंध नाही. अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अंतरिम मनाई दिली. तिथे आवाज नकली आहे हे कुणी लपवलंच नव्हतं. 'तुमचं गाणं अरिजितच्या आवाजात करून देतो' हीच तर त्या एआय साधनांची जाहिरात होती. आक्षेप होता तो विचारलं नाही याला. 2025 मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने असंच संरक्षण दिलं.

बरं, लेबल लावायचंच, तर ते 'व्हिडिओखाली' पुरत नाही. 20 फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कृत्रिम मजकुरावरचं लेबल ठळक दिसायला हवं, आणि मोठ्या समाजमाध्यमावर चढवताना तसं जाहीरही करावं लागतं. रंग सुधारणं, खरखर काढणं असलं नेहमीचं संपादन यात येत नाही. यूट्यूबवर `Altered content` ला होकार दिला, की एरवी सूचना वर्णनात जाते. निवडणूक, आरोग्य, बातम्या, पैसा असे विषय असतील तर ती थेट व्हिडिओवर दिसते. पण तुमच्या चार मिनिटांच्या स्किटमधले वीस सेकंद कुणी कापून व्हॉट्सॲपवर फिरवले, की वर्णन मागेच राहतं. म्हणून नकली आवाज चालू असेल तेवढा वेळ पाटी चौकटीतच ठेवायची. नुसता ऑडिओ असेल तर सुरुवातीलाच बोलून सांगायचं.

पैशाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. टीका, विडंबन यांना अभिव्यक्तीच्या नावाखाली जागा मिळते, आणि फुकटच्या स्किटला ती जाहिरातीपेक्षा जास्तच मिळेल. पण 'कमाई' म्हणजे नुसती तिकीटविक्री नव्हे. अरिजित यांच्या प्रकरणात त्यांच्या प्रसिद्धीवर गर्दी खेचणं हेही न्यायालयाने मोजलं. नकलाकाराचं वेगळं आहे; तो स्वतःचा गळा वापरतो.

या वादात सगळे स्टारांबद्दलच बोलतात. माझ्या पाहण्यातला घोळ मात्र घरातलाच आहे. आमच्या एका स्किटमध्ये आत्याच्या भूमिकेतल्या ताईंचे अकरा संवाद शूटनंतर बदलले. ताई नाटकाच्या दौऱ्यावर. एडिटरने त्यांच्याच डबिंग ट्रॅकवरून आवाज क्लोन केला आणि संवाद बसवले. ऐकून ताईंनी एकच विचारलं, "हे मी कधी बोलले?" करारात 'ध्वनिचित्रमुद्रण वापरण्याचा हक्क' होता. म्हणजे त्या जे बोलल्या ते वापरण्याचा. त्यांच्या तोंडी नवी वाक्यं घालण्याचा नाही. संवाद काढले, आठवड्याने त्यांनी स्वतः डब केले.

तेव्हापासून वेगळं संमतीपत्र करतो. संवाद त्याला जोडलेले असतात. एक शब्द बदलला तरी परत विचारायचं. मराठीसाठी घेतलेली संमती हिंदी आवृत्तीला चालत नाही. कुठे दाखवणार, किती काळ, मानधन किती, हे त्यात येतं. आणि लोक हमखास विसरतात ते कलम: क्लोनचं मॉडेल कुणाच्या खात्यात राहणार आणि कधी पुसणार. एडिटर दुसरीकडे गेला आणि मॉडेल त्याच्या लॅपटॉपवर राहिलं, तर ताईंचा आवाजही त्याच्याबरोबर गेला. चेहऱ्यालाही हीच कलमं, फक्त संवादांच्या जागी दृश्यं.

राहिले दिवंगत. इथे दावा अगदीच पोकळ नाही. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं, की असे व्यक्तिगत हक्क माणसाबरोबर संपतात, वारसांकडे जात नाहीत. तरीही 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातल्या गाण्यासाठी बंबा बाक्या आणि 1997 मध्ये गेलेले शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज उभे करताना ए. आर. रहमान यांनी दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदलाही दिला. त्याच सुमारास, 2024 च्या सुरुवातीला, न विचारता एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज वापरल्याबद्दल त्यांच्या मुलाने एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना कायदेशीर नोटीस धाडली.

शिवाय क्लोन हवेतून शिकत नाही, त्याला जुनी ध्वनिमुद्रणं लागतात. गायक गेला म्हणून त्यांवरचा कॉपीराइट जात नाही. घरच्यांनी आनंदाने 'हो' म्हटलं, तरी दुसरं पत्र कॅसेट कंपनीला लिहावं लागतंच.