खुलासा : न पाहिलेल्या मूळ कागदाची तळटीप

कोल्हापुरातल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज : "पुस्तकातली तळटीप जशीच्या तशी उचलली तरी चालते. मूळ कागद बघायची गरज नाही, गाईडही विचारत नाहीत."

हे चुकीचं आहे. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेशच घ्या. 'संस्थानातल्या ५० टक्के नोकऱ्या राखीव' असं सर्रास लिहिलं जातं आणि खाली करवीर सरकारच्या गॅझेटची तळटीप असते. आदेशातला मजकूर मात्र रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के असा आहे. ज्या कचेरीत मागासवर्गीयांचं प्रमाण ५० टक्क्यांहून कमी, तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची, हेही त्यात आहे. म्हणजे आहेत त्यांना काढायचं नव्हतं. बदल जागा रिकाम्या होतील तसा व्हायचा होता. गॅझेटचं नाव तुम्ही दिलंत की ही चूक त्या लेखकाची राहत नाही, तुमची होते. तळटीपेतला चुकीचा पृष्ठांक उचललात तर परीक्षकाला उचलेगिरी लगेच दिसते.

आदेश पुस्तकात वाचला असेल तर असं लिहा : 'करवीर सरकारचे गॅझेट, १९०२, उद्धृत', आणि पुढे वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, नाव, आवृत्ती, पृष्ठ. संदर्भसूचीत फक्त ते पुस्तक, गॅझेट नाही. पुरालेखागारात प्रत पाहिलीत तरच 'उद्धृत' काढा. छायाप्रत पाहिली असेल तर तसं नोंदवा. अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव हवंच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा द्या.