विषय : लिफ्ट वारंवार बंद पडणेबाबत

लिफ्टच्या कॉन्ट्रॅक्टरला पत्र धाडायचं ठरलं आणि कमिटीत पहिला वाद पेटला तो 'महोदय' लिहावं की नाही यावरून. सकाळी तक्रार केली की संध्याकाळी उगवणारा माणूस कसला महोदय, असं खजिनदारांचं म्हणणं. शेवटी महोदय ठेवलं आणि 'आपला विश्वासू' कापलं.

माझ्या पहिल्या मसुद्यात 'रहिवाशांचे अतोनात हाल' आणि 'सहनशीलतेचा अंत' दोन्ही होते. पण असली पत्रं कुठल्या फायलीत जातात हे सेक्रेटरीइतकं कुणाला ठाऊक? मलाही तशी रोज येतात. तेव्हा हाल बाजूला ठेवले आणि वॉचमनकाकांची वही मागवली.

या वहीत लिफ्ट बंद पडल्याची वेळ, मेकॅनिक आल्याची वेळ आणि त्याने काय केलं ते लिहायचं असतं. काका त्यात स्वतःची भर घालतात. 'सा. ६.४० लिफ्ट बंद. पाचव्याच्या आजी आत. भाजी पण आत. ६.४५ फोन केला. ७.५५ मेकॅनिक आला. आजी बाहेर. आजी मला बोलल्या.' त्याखाली मेकॅनिकचं सुवाच्य अक्षर : 'चेक केले. ओके.' मागची पानं उलटली तर सगळीकडे हेच. दोष काय, तर ओके. उपाय काय, तर ओके.

आमच्या करारात लिहिलंय की माणूस अडकला असेल तर एका तासात यायचं, नुसतीच बंद असेल तर चार तासांत. आजींच्या वेळी फोनपासून सत्तर मिनिटं लागली. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातली मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे वीस मिनिटं दिसतंय, सर." त्यांचं घड्याळ मेकॅनिकला निरोप मिळाल्यावर सुरू होतं. आजी आत होत्या ती आधीची पन्नास मिनिटं कुणाच्याच हिशोबात नाहीत! त्या दिवसापासून काकांना फर्मान निघालं : फोन ठेवण्याआधी तक्रार नंबर घ्यायचा आणि वहीत लिहायचा. नंबर दिला की त्यांचंही घड्याळ सुरू होतं.

वही वाचता वाचता खरी मौज सापडली. लिफ्ट कुठे थांबली हेही काका लिहितात. कधी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये, कधी तिसऱ्याच्या जरा वर. तळमजल्यावर किंवा सातव्यावर एकदाही नाही. तिसऱ्यावर कुणी बटण दाबलेलं नसतानाही ती तिथेच गचका देऊन उभी राहायची.

प्रत्येक मजल्याच्या दाराला लॉक असतं आणि त्या लॉकला एक कॉन्टॅक्ट. सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट एकाच माळेत जोडलेले. धावत्या लिफ्टमध्ये त्यातला एक क्षणभर जरी सुटला, तरी कुठलं तरी दार उघडं आहे असं समजून लिफ्ट जागच्या जागी थांबते. थांबते हे चांगलंच. उघड्या दाराने धावली तर माणूस जाईल. पण लॉकचा रोलर सरकलेला असेल, तर जाता जाता लिफ्टचा भाग त्याला घासतो, कॉन्टॅक्ट हलतो आणि दार बंद असूनही गाडी अडते. मेकॅनिक येतो, स्विच बंद-चालू करतो, धक्का ओसरल्यावर कॉन्टॅक्ट परत बसलेलाच असतो, लिफ्ट चालते. ओके! तो खोटं लिहीत नव्हता. तो यायचा तेव्हा ओकेच असायची.

मग पत्रातलं विशेषण न् विशेषण गाळलं. उरला एक तक्ता : तारीख, तक्रार नंबर, फोनची वेळ, येण्याची वेळ, कुठे थांबली, मेकॅनिकचा शेरा. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ओकेची रांग. खाली दोनच मागण्या. एक, प्रतिसादाची वेळ आमच्या फोनपासून मोजावी. दोन, केबिनच्या छतावर उभं राहून, इन्स्पेक्शन मोडवर हळू चालवत तिसऱ्या मजल्याच्या दाराचं लॉक तपासावं. खजिनदारांना 'अन्यथा लिफ्ट इन्स्पेक्टरकडे तक्रार करू' हेही हवं होतं. तेही घातलं. त्यांना महोदय सोसावं लागलं होतं, तेवढी भरपाई द्यायलाच हवी.

पत्र गेलं आणि दोन मेकॅनिक आले, त्यातला एक चक्क वयस्कर. तो छतावर चढला. तिसऱ्यापाशी बारीक टक् असा आवाज आला आणि लिफ्ट थांबली. वरून तो ओरडला, "अहो, हा रोलर पार झिजलाय की! इतके दिवस सांगितलं का नाही?" काकांनी वही वर केली. पण छतावरून ती दिसणं शक्य नव्हतं.

कॉन्ट्रॅक्टरचं लेखी उत्तरही आलं. सुरुवात 'महोदय' अशीच. आपल्या सहकार्याबद्दल आभार. झीज होणारे भाग करारात येत नसल्याने सोबत रोलरचं कोटेशन, जीएसटी १८ टक्के वेगळा. आणि प्रतिसादाच्या वेळेच्या मुद्द्यापुढे एकच शब्द : 'ओके.'