३१ पदं, ७० शब्द

“आमच्या सरांना छाटणारे ते तुम्हीच का?”

काल सकाळच्या फोनवरचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

छाटणारा मीच. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेतले वक्त्यांचे परिचय लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका पानावर चार वक्ते, प्रत्येकाला फोटो आणि ७० शब्द. सरांकडून चार पानं आली होती. मोजली तर ३१ पदं निघाली. परिचय ‘मी’पासून सुरू होऊन दुसऱ्या परिच्छेदात ‘सर’वर जात होता. म्हणजे पुढचा मजकूर फोनवरच्या या सहायकांनीच लिहिला असणार.

“सर नऊ संस्थांचे आजीव सदस्य आहेत. ते कुठे गेलं?”

“आजीव सदस्यत्व बहुतेक ठिकाणी वर्गणी भरून मिळतं हो. कुठे निवडून फेलो केलं असेल तर सांगा, ते ठेवतो.”

“नऊ वेळा वर्गणी भरलीय!” ते इतक्या दुःखाने म्हणाले की मला क्षणभर पावती द्यावीशी वाटली.

मग आले ‘माजी’. माजी कोषाध्यक्ष, माजी सहसचिव, माजी सचिव, माजी अध्यक्ष, आणि चारही एकाच संघटनेचे. मी म्हटलं, शेवटची पायरी पुरे. “पण सर चढत गेले ना,” सहायक म्हणाले, “जिना नको का दिसायला?”

‘आंतरराष्ट्रीय ख्यातीचे’ कशावरून, असं विचारलं, तर सरांना परदेशी नियतकालिकांकडून लेख मागणारे ईमेल येतात म्हणे. असे ईमेल मलाही येतात. ‘परमआदरणीय प्राध्यापक’ अशी सुरुवात आणि तळाशी छपाईचं शुल्क. त्या हिशेबाने माझीही ख्याती सातासमुद्रापार गेलेली आहे, फक्त घरच्यांना कल्पना नाही.

खरी अडचण ‘डॉ.’ची होती. पहिल्या पानावर नावामागे ‘डॉ.’, तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात ‘पीएचडी (प्रबंध सादर)’.

“पदवी मिळालीय का?”

“सादर केलाय म्हणजे मिळणारच.”

“कधी सादर केला?”

बराच वेळ शांतता. “२००९.”

मी ‘डॉ.’ काढलं. यात खवचटपणा नाही. सभागृहात एकाला जरी हे ठाऊक असलं, तरी उरलेल्या तीस पदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही, आणि तो उडालेला विश्वास छापणाऱ्यांच्या खात्यावर जमा होतो.

शिवाय मराठीची स्वतःची एक गंमत आहे. आदरार्थी बहुवचन आधीच ऐसपैस, त्यात क्रियापदंही सजून येतात. माणूस कुठेच ‘काम करत’ नाही. तो पद ‘भूषवतो’, धुरा ‘सांभाळतो’ आणि योगदान तर ‘मोलाचं’च देतो. नुसती ही भरजरी क्रियापदं उतरवली तरी पाऊण पान हलकं झालं. राहिलेल्या प्रत्येक ओळीला मी एकच प्रश्न विचारला: हा माणूस याच विषयावर का बोलतोय, हे तुझ्यामुळे कळतं का?

विषय होता भूजल पुनर्भरण. उत्तर सापडलं चौथ्या पानाच्या तळाशी, ‘इतर’ या सदरात, रक्तदान शिबिराच्या खाली. त्यावरून हा परिचय झाला, चाळीसएक शब्दांत:

‘भूजलाचे अभ्यासक. सध्या महाविद्यालयात भूशास्त्राचे विभागप्रमुख. गेली ११ वर्षे ते ४० विहिरींची पाणीपातळी पावसाच्या आधी आणि नंतर मोजत आहेत. या दोन पातळ्यांतल्या फरकावरून पुनर्भरणाचा अंदाज कसा काढायचा, हे ते या व्याख्यानात सांगतील. अभ्यासकांच्या संघटनेचे ते माजी अध्यक्ष आहेत.’

निवेदकाने वाचलं तर वीस-पंचवीस सेकंद. मला तर वाचून त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. अकरा वर्षं, चाळीस विहिरी!

“हे काय? सर विहिरी मोजतात असं लिहिलंय,” सहायक म्हणाले.

“मोजतात ना?”

“मोजतात हो. पण असं चारचौघांत लिहितात का?”

मी फोन ठेवला तेव्हा जिंकल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी समितीच्या अध्यक्षांचा निरोप आला: सर नाराज नकोत, त्यांना अर्धं पान द्या, आणि ‘डॉ.’ राहू द्या, कोण बघतंय.

अर्धं पान काही आकाशातून पडत नाही. त्याच पानावर एक बाई आहेत. त्यांनी स्वतःहून परिचय पाठवला होता, ५२ शब्द, तृतीय पुरुषात, सध्याचं पद आधी, एकही ‘सुप्रसिद्ध’ नाही. मला स्वल्पविरामही हलवावा लागला नव्हता. आता त्यांचा फोटो टपाल तिकिटाएवढा झालाय, आणि परिचयाच्या शेवटच्या दोन ओळी जागेअभावी मी आत्ताच काढल्या.