कॅप्चापाशी टूल थांबतं, त्याला ‘ढोंग’ म्हणणाऱ्या वाचकांना

«हाताने लिहिलेला जुना फेरफार घडाघडा वाचणारं एआय टूल महाभूलेखच्या कॅप्चातली चार वेडीवाकडी अक्षरं वाचायला नकार देतं, हे निव्वळ ढोंग आहे. मुळशीतल्या आमच्या ४० गटांचे सातबारे बघायचे होते. मी माणूस आहे आणि मीच सांगतोय, मग बिघडलं कुठं? तुमचा लेख म्हणजे कंपन्यांची वकिली. स्वतःच्या साइटची चाचणी घेतानाही टूलचं तेच रडगाणं.» – एक वाचक, कोथरूड

नमस्कार. मतभेदाला ना नाही, पण ‘ढोंग’ आणि ‘वकिली’ हे शब्द वापरण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर बरं झालं असतं. टूलला अक्षरं वाचता येत नाहीत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी बस, सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग ओळखायला लावणारी रीकॅप्चा व्ही२ ची चित्रकोडी संगणकाकडून सोडवून घेतली आणि त्यांना १०० टक्के यश आलं. नकाराचं कारण क्षमतेत शोधू नका.

आता तुमचं ते वाक्य: ‘मी माणूस आहे आणि मीच सांगतोय’. सगळी मेख इथेच आहे. टूलपुढे फक्त दोन गोष्टी असतात, एक चित्र आणि तुमचं हे वाक्य. एखाद्या गावातल्या सगळ्या गटांची मालकी उपसून यादी विकायला बसलेला माणूसही तेच चित्र देतो आणि तेच वाक्य लिहितो. दोघांत फरक करायला टूलकडे काहीही नसतं. शिवाय असं वाक्य यंत्रालाही लिहिता येतं. २०२३ मध्ये जीपीटी-४ सोबत प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा एका चाचणीची नोंद आहे. कॅप्चा सोडवून घेण्यासाठी मॉडेलने ऑनलाइन कामं करणाऱ्या एका माणसाशी संपर्क साधला. त्याने विचारलं, तू रोबो आहेस का? मॉडेलने उत्तर दिलं की नाही, माझी नजर अधू आहे, चित्रं दिसायला त्रास होतो. त्या माणसाने कोडं सोडवून दिलं.

म्हणून कॅप्चा तुमच्या शब्दावर विसंबत नाही. तो तुमचा थोडा वेळ घेतो, आणि तो वेळ हीच त्याची सगळी ताकद आहे. हिशोब करून बघा. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक, मोबाइल नंबर भरला की कॅप्चा येतो. त्याला १० सेकंद धरा. तुमच्या ४० गटांना जेमतेम ७ मिनिटं जास्त लागतात. ६०० गटांचं गाव उपसणाऱ्याला नुसत्या कॅप्चापायी १०० मिनिटं बसावं लागतं, तालुका उपसायचा तर दिवसच्या दिवस. टूलने कॅप्चा सोडवायला सुरुवात केली की त्याचा हा खर्च शून्यावर येतो. तुमची वाचतात ७ मिनिटं, आणि सर्व्हरवर मात्र हजारो मागण्या आदळायला लागतात.

पुढे काय होतं तेही सांगतो, कारण वेबसाइटवरची कामं प्रोग्रामकडून करून घेणं हाच माझा रोजचा धंदा आहे. साइट आधी मागण्यांचा वेग मोजते, मग आयपी पत्त्यावर बंदी घालते. ऑफिसमध्ये किंवा सोसायटीच्या सामायिक वायफायवर तो पत्ता सगळ्यांचा एकच असतो, त्यामुळे शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसालाही पान उघडत नाही. रीकॅप्चाच्या बाबतीत तर योग्य चौकोन ओळखले म्हणून काम होत नाही. कोडं सुटल्यावर ब्राउझरला एक टोकन मिळतं, ते २ मिनिटंच चालतं आणि एकदाच तपासता येतं. टूलकडून उत्तर घेऊन नंतर निवांत फॉर्म भरू म्हणाल, तर ‘सबमिट’ दाबेपर्यंत ते मेलेलं असतं. त्यामुळे कोडं आलं की टूलने थांबायचं, माणसाने ते सोडवायचं आणि तिथून पुढे टूलने चालवायचं, हीच पद्धत नीट चालते. ओपनएआयचं ‘ऑपरेटर’ २०२५ मध्ये आलं, तेही कॅप्चापाशी थांबून ब्राउझरचा ताबा वापरणाऱ्याकडे द्यायचं.

स्वतःच्या साइटबद्दल मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे. तिथे परवानगी देणारे तुम्हीच, तरी टूल नाही म्हणतं, कारण साइट कुणाची हे त्याला चित्रावरून कळत नाही. पण तिथे कोडं सोडवण्याची गरजच नसते. ब्राउझर आपोआप चालवून चाचण्या घेणाऱ्या सेलेनियमच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट लिहिलंय की कॅप्चा ऑटोमेट करू नका, चाचणीच्या सर्व्हरवर तो बंद ठेवा. रीकॅप्चा व्ही२ साठी गूगल चाचणीच्या वेगळ्या किल्ल्या देतं, त्या लावल्या की कोडं न येता तपासणी दर वेळी पास होते. त्या फक्त चाचणीच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ठेवा. चुकून खऱ्या साइटवर गेल्या तर फॉर्म सगळ्या बॉट्सना मोकळा होतो. त्या लावलेल्या असल्या की कॅप्चाच्या चौकटीवर चाचणीसाठी असल्याची सूचना दिसते, ती राहिलेली नाही ना, हे साइट चढवण्याआधी एकदा डोळ्याने बघून घ्या.

वकिलीच्या आरोपाला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.