गळ्याला माया नसते

«बंदगळा घेताना फक्त छातीचा नंबर बघा. ब्लेझरचा जो नंबर, तोच याचा. गळ्याचं माप मागितलंच तर शर्टाच्या कॉलरवरचा आकडा सांगा. कॉलर घट्ट झाली तर टेलर दहा मिनिटांत सैल करून देतो. तेही नको असेल तर सरळ एक नंबर मोठा घ्या. लग्नसराई आहे, पुढे पाठवा!»

पाठवलं लोकांनी पुढे. कुटुंबाच्या ग्रुपवर तीन वेळा आलं, तेव्हा मी गप्प बसले. मग माझे धाकटे दीर पिशवी घेऊन दारात उभे राहिले. मुलाचं लग्न बारा दिवसांवर, आणि पिशवीत चाळीस नंबरचा मरून बंदगळा. "वहिनी, फार काही नाही, फक्त गळ्याला जरा उसवून द्या." त्यांनी तो घालून दाखवला. छातीला झकास बसला होता. गळ्याचा हुक मात्र समोरच्या कडीपासून दीड इंच लांब राहिला, आणि ओढून लावायला गेले तर भाऊजींचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला. कपडे आल्टर करण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी दहा मिनिटांच्या गोष्टीकडे येते, कारण सगळं नुकसान तिथेच होतं.

कपडा सैल करता येतो तो मायेमुळे, म्हणजे शिलाईच्या आत राखलेल्या जादा कापडामुळे. चांगल्या शिवलेल्या कोटात बगलेखालच्या दोन्ही शिलाया आणि पाठीची मधली शिलाई यांत माया ठेवलेली असते. ती उसवून छाती-कंबर इंच-दीड इंच वाढवता येते. गळ्याला अशी माया ठेवताच येत नाही. गळ्याची शिलाई गोल असते. तिच्या आत जाड पदर राहिला तर कॉलर उभी न राहता फुगते. म्हणून कॉलर लावल्यावर तिथला कपडा जेमतेम पाव इंच ठेवून छाटतात आणि वळण नीट बसावं म्हणून त्यालाही जागोजागी काप देतात. कॉलरच्या आतलं कॅनव्हास किंवा बकरम नेमक्या मापाचं कापलेलं असतं, ते ताणत नाही. ताणलं असतं तर कॉलर उभीच राहिली नसती.

मग बटणं सरकवायची? खाली छातीवर कोटाचे दोन पल्ले एकमेकांवर चढतात, त्यामुळे तिथे बटण अर्धा इंच सरकवता येतं. कॉलरची दोन टोकं मात्र एकमेकांवर चढत नाहीत, ती समोरासमोर येऊन टेकतात. तिथे सरकवायला काही नसतंच.

एक हिशेब सांगते, तो कळला तर बाकीचं आपोआप कळेल. गळा म्हणजे जवळजवळ एक वर्तुळ. ते चारी बाजूंनी फक्त पाव इंच मोठं कापलं तर त्याचा घेर दीड इंचाहून थोडा जास्तच वाढतो. भाऊजींना दीड इंचच हवा होता. म्हणजे कोटाच्या अंगाकडून काम अगदी सोपं दिसतं: कात्री घ्या, पाव इंच गोल फिरवा. घाईतले टेलर इथेच फसतात. कोटाच्या गळ्याचा घेर अठरा इंच झाला, पण हातातली कॉलर साडेसोळाचीच. ती दीड इंच वाढवायला त्याच कापडाचा, त्याच रंगाचा तुकडा हवा. तयार कोटाबरोबर तो कुणी देत नाही. मिळाला, तरी मानेच्या मागे जोड दिसणार. शिवाय गळा खाली गेल्यामुळे कॉलर मानेवर उभी राहण्याऐवजी गळ्याच्या हाडांवर बसते. आणि एकदा कापलेलं परत येत नाही. मी कात्रीला हात लावला नाही, टॅगही काढू दिला नाही.

आता शर्टाचा आकडा. भाऊजींचा शर्ट बेचाळीसचा. आपल्याकडे फॉर्मल शर्टावर हा आकडा बहुतेक वेळा कॉलरचा असतो, आणि तो सेंटिमीटरमध्ये असतो. म्हणजे ४२ सेंटिमीटर, साधारण साडेसोळा इंच. कोटावरचा ४० म्हणजे छातीचे इंच. दोन्ही आकडे चाळिशीतले, म्हणून माणसाला ते एकाच जातीचे वाटतात. पण खरी गोची वेगळीच आहे. शर्टाची कॉलर मानेच्या मध्यावर, कंठाच्या आसपास मोजतात. बंदगळ्याची कॉलर बसते मानेच्या बुडाशी, जिथे मान खांद्यांना मिळते आणि रुंद होते. या दोन वेगळ्या जागा आहेत हे माझ्या पदरचं नाही. कपड्यांच्या मापांसाठी अंगाची मापं कशी घ्यावीत हे ठरवणारं आयएसओ ८५५९-१ हे आंतरराष्ट्रीय मानक मानेचा घेर आणि मानेच्या बुडाचा घेर ही दोन स्वतंत्र मापं म्हणून देतं. ज्यांना फॉरवर्डपेक्षा वरचा आधार हवा असतो, त्यांनी तो घ्यावा.

बुडाचा घेर असा घ्यायचा. मान खाली घातली की मागे जे हाड टोचल्यासारखं वर येतं, त्यावर टेप ठेवायची. मग मान सरळ करायची. टेप दोन्ही बाजूंनी मान आणि खांदा मिळतात तिथून पुढे आणायची आणि गळ्याच्या दोन हाडांमधल्या खळग्यात मिळवायची. आत जे घालणार ते घालूनच मोजायचं. भाऊजी आत पट्टी कॉलरचा कुर्ता घालणार होते. नुसत्या अंगावर माप आलं सव्वासतरा, कुर्त्यावरून साडेसतरा. त्यात गिळायला, बोलायला, मान वळवायला अर्धा इंच. तयार कॉलर हवी अठरा इंच. कोटाची कॉलर हुक लावून आतून मोजली तर साडेसोळा. शर्टाच्या आकड्यावर विसंबलं असतं तर हीच साडेसोळा त्यांना बरोबर वाटली असती!

एक नंबर मोठा घेण्याचा सल्ला कुणी दिला असेल त्याने कधी टेप हातात धरली नसावी. भाऊजींनी कोट घेतला त्या दुकानात जाऊन मी एकेक कोट मोजला. एक नंबर वर गेलं की छाती दोन इंच वाढत होती, खांदा अर्धा इंच आणि गळाही अर्धाच इंच. म्हणजे बेचाळीसचा गळा सतरा, चव्वेचाळीसचा साडेसतरा, आणि अठरा मिळायला सेहेचाळीस नंबर. माणूस चाळिसाचा! छाती सहा इंच जास्त झाली तर बगलेतून दाबू, असं दुकानातला मुलगा म्हणाला. दाबलं असतं तर दोन्ही खिसे बगलेखाली सरकले असते. खांदा तर दाबताही येत नाही. चाळिसाचा खांदा अठरा इंच होता आणि भाऊजींना तो नेमका बसत होता. सेहेचाळिसाचा साडेएकोणीस, म्हणजे दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच लोंबणार. तो कमी करायचा तर बाही सोडवा, मुंढा नव्याने कापा, बाही परत बसवा.

खांद्याचा आणि गळ्याचा संबंध याहून जवळचा आहे. कोट अंगावर टांगलेला असतो तो खांद्यावर. खांदा लोंबायला लागला की कोट मागे घसरतो आणि कॉलर मानेमागे पोकळ राहून पुढे कंठावर टेकते. घालणाऱ्याला वाटतं गळा लहान आहे. हे ओळखायचं असेल तर कुणाला तरी दोन्ही खांद्यांवरून कोट अर्धा इंच पुढे ओढून धरायला सांगा. कंठ मोकळा झाला तर दोष खांद्याचा किंवा पाठीच्या उंचीचा. तरीही आवळत असेल तर गळाच लहान. भाऊजींच्या बाबतीत ओढून काही फरक पडला नाही.

छातीबद्दलचं अर्धं बोलणं मात्र खरं आहे, ते मान्य करायला हवं. उघड्या गळ्याच्या ब्लेझरला छातीचा नंबर आणि खांदा जमला की बहुतेक काम होतं, कारण तिथे गळ्याला बांधणारं काही नसतंच. बंदगळ्यातही छाती हीच सर्वांत दुरुस्त होण्यासारखी गोष्ट आहे. म्हणूनच ती शेवटी बघायची. आधी गळा, मग खांदा, आणि हे दोन जमले की छातीला इंचभर इकडेतिकडे असलं तरी घ्या. तेही बगलेची शिलाई चिमटीत धरून आत पदर जाड लागतो का ते बघून, कारण तयार कोटात तिथेही कधीकधी माया नसते.

हुकाबद्दलही थोडं. काही बंदगळ्यांत कंठाशी मुद्दाम पाव इंचाची फट ठेवतात, ती बरीही दिसते. तेवढ्या फरकासाठी हुकाऐवजी दोऱ्याचा फासा करून देता येतो, मीही देते. दीड इंचाला फासा करून दिला तर वरचं बटण ओढलं जाऊन त्याच्याभोवती सुरकुत्यांचा पंखा तयार होतो. आणि फोटोपुरता आवळून लावू म्हणणाऱ्यांसाठी: कॅरोटिड सायनस हा भाग मानेच्या बाजूला असतो. उतारवयात काहींना तो दाबला गेल्यावर भोवळ येते, आणि घट्ट कॉलर घालून मान वळवणं हे त्याचं जुनं, डॉक्टरांना माहीत असलेलं कारण आहे. नवरदेवाचा बाप मंडपात आडवा व्हायला नको.

टॅग असल्यामुळे दुकानाने कोट परत घेतला. कापड आणून ओळखीच्या मास्तरांकडे टाकलं. कापायच्या आधी त्यांनी केलं ते कुणालाही घरी करता येईल. पुठ्ठ्याची अठरा इंच लांब आणि पावणेदोन इंच उंच पट्टी कापली, किंचित वळणदार, म्हणजे वरची कड खालच्यापेक्षा थोडी आखूड, कारण मान वर निमुळती होते. ती कुर्त्यावरून भाऊजींच्या गळ्याला लावून मागे-पुढे टाचली आणि त्यांना खुर्चीत बसवून चहा दिला. खाली बघून बशी उचलताना पट्टीची वरची कड हनुवटीला लागली. मास्तरांनी उंची दीड इंचावर आणली, लांबीला हात लावला नाही. परत चहा. या वेळी बशी खाली ठेवेपर्यंत त्यांना गळ्यात काही आहे याची आठवणही राहिली नाही, आणि मास्तर म्हणाले, "द्या आता कापड."